छायाचित्रात वस्तूंच्या प्रती करून मोकळी जागा भरणे

अर्धवट भरलेला शेल्फ किंवा फळांची टोपली फोटोत गच्च भरलेली दिसावी म्हणून त्याच फोटोतल्या वस्तूंच्या प्रती काढून रिकाम्या जागेत बसवणे, हे फोटो-संपादनातले नेहमीचे काम आहे. फोटोशॉप, गिम्प किंवा लेअर आणि मास्क असलेल्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये ते करता येते. प्रत काढायला क्षणभर पुरतो. तीच वस्तू पुन्हा दिसते आहे हे बघणाऱ्याच्या लक्षात येऊ न देणे, यातच खरी मेहनत आहे.

दोन सफरचंदे एकसारखी असली म्हणून कुणाला खटकत नाही, सफरचंदे तशीच असतात. खटकते ती खूण: एकाच कोनात वाकलेला देठ, सालीवरचा तोच तपकिरी ठिपका, त्याच आकाराची चकाकी. त्याहून लवकर नजरेत भरते ती शेजारांची मांडणी. लाल फळाच्या उजवीकडे पिवळसर फळ आणि मध्ये त्रिकोणी फट, ही जोडी दुसऱ्यांदा दिसली की चोरी उघडी पडते. म्हणून तीन-चार फळांचा घोस एकदम उचलून शेजारी डकवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. क्लोन स्टॅम्प, म्हणजे फोटोतला एक भाग दुसरीकडे रंगवून उमटवणारे टूल, मोठ्या ब्रशने सरळ फिरवले की नेमके तेच होते. फळे, फटी आणि सावल्या एकाच अंतरावर पुन्हा उमटतात. 2006 मध्ये रॉयटर्सने बैरूतवरच्या धुराचा एक फोटो मागे घेतला, तेव्हा वाचकांनी तो ओळखला होता तो धुराचे तेच वेटोळे पुन्हापुन्हा दिसल्यामुळे.

एक टोपली घेऊ. वेताच्या टोपलीत अकरा सफरचंदे आहेत, त्यांतली पाच पूर्ण दिसतात, बाकीची अर्धीमुर्धी झाकलेली. मागचा भाग रिकामा आहे आणि वेताची भिंत दिसते. उजेड डावीकडून येतो. ढीग भरायला मागे आणखी सात फळे हवीत. पूर्ण दिसणारी पाचच असल्यामुळे दोघांच्या दोन-दोन प्रती आणि तिघांची एक-एक, असा हिशेब आधीच करावा. मूळ धरून एक फळ तीनपेक्षा जास्त वेळा दिसू देऊ नये.

प्रत्येक फळ पेन टूलने स्वतंत्र कापायचे. कड एक-दोन पिक्सेल आतून घ्यावी, नाहीतर जुन्या पार्श्वभूमीची फिकट रेघ सोबत येते. चार हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत अर्धा ते एक पिक्सेल फेदर, म्हणजे कडेचा मऊपणा, पुरतो. मग पेन टूलच्या रेघेचे सिलेक्शन करून फोटोशॉपमध्ये `Ctrl+J` ने ते वेगळ्या लेअरवर न्यावे. आकार आणि कोन `Ctrl+T` ने एकाच खेपेत बदलावा, कारण दरवेळी फिरवताना पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि साल मऊ पडते. मूळ पिक्सेल जपून ठेवणारे स्मार्ट ऑब्जेक्ट केले तर ही धास्ती राहत नाही.

मागचे फळ किती लहान करायचे ते अंदाजाने ठरवू नये. पुढचे 600 पिक्सेल रुंद आणि मध्ये एक रांग सोडून मागचे शेवटचे 540 भरत असेल, तर त्याच्याही मागचे साधारण 510 ते 520 असावे. फळे लहानमोठी असतात म्हणून थोडा फरक चालतो. प्रत पुढून घेऊन मागे न्यावी. उलट केले तर फळ मोठे करावे लागते आणि ते शेजाऱ्यांपेक्षा धूसर दिसते. लहान केल्यावर मात्र ते प्रमाणाबाहेर रेखीव होते आणि त्याचा ग्रेन, म्हणजे फोटोतला रवाळपणा, बारीक होतो. तेव्हा मागच्या फळांइतकाच हलका ब्लर द्यावा आणि त्यानंतर ग्रेन घालावा. क्रम उलटा झाला तर घातलेला ग्रेनही ब्लरमध्ये विरघळतो.

वेगळेपणा आणण्यासाठी पहिला हात आडव्या पलटीकडे जातो. इथे ती चालत नाही, कारण चकाकी डावीकडून उजवीकडे जाते आणि टोपलीत दोन सूर्य उगवतात. दहा-पंधरा अंशांपर्यंत फिरवलेले सहसा खपते. जास्त फिरवायचे असेल तर फिरवलेल्या फळावरची चकाकी हीलिंग ब्रशने पुसावी आणि मूळ फळाची चकाकी न फिरवता, मऊ कडेने, योग्य जागी परत ठेवावी. फळाची एक बाजू गडद सावलीत असेल तर हीही युक्ती अपुरी पडते. तिथे दुसरे फळ निवडलेले बरे.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे झाकणे. एकाच फळाच्या दोन प्रतींपैकी एकीचा डावा भाग दिसू द्यावा, दुसरीचा फक्त देठाकडचा माथा. उरलेले पुढच्या फळांआड जाते. दोन्हींमध्ये समान खूण उरली असेल तर एकीवरून ती पुसावी. नुसता रंग बदलून प्रत लपत नाही, कारण आकार तोच राहतो. ह्यू, म्हणजे रंगाची छटा, तीन-चार अंशांनी हलवणे ही शेवटची कसर समजावी. नवी फळे एका ग्रुपमध्ये ठेवून ग्रुपला एकच मास्क द्यावा आणि तो पुढच्या मूळ फळांच्या कडेने काटेकोर कापावा, म्हणजे मूळ फळे आपोआप पुढे राहतात.

सावलीकडे दुर्लक्ष झाले की फळे तरंगतात. टेकलेल्या जागी एक अरुंद गडद रेघ आणि तिच्याभोवती पसरट मऊ सावली, दोन्ही वेगळ्या `Multiply` लेअरवर काढाव्यात. रंग काळा नको. टोपलीतल्याच एखाद्या खऱ्या फटीतून उचलावा, तो बहुधा लालसर तपकिरी निघतो. याच्या उलट चूकही होते: प्रतीच्या अंगावर जुन्या शेजाऱ्याची सावली चंद्रकोरीसारखी चिकटून येते आणि आता तिथे शेजारीच नसतो. ती कोर दुसऱ्या फळाने झाकावी किंवा मुळात उघड्यावरचे फळ घ्यावे.

शेल्फची गोष्ट थोडी वेगळी. एकाच मालाचे डबे शेजारी असतात, त्यामुळे लेबल पुन्हा येणे स्वाभाविकच आहे. पकडून देतात ते लेबलवरची सुरकुती, पत्र्यावरचे प्रतिबिंब आणि दोन डब्यांमधली अगदी समान फट. फटी काही पिक्सेलनी कमी-जास्त कराव्यात, एखादा डबा किंचित मागे ढकलावा. पलटी तर करूच नये, अक्षरे उलटी होतात. डावीकडच्या टोकाचा चौकोनी खोकाही उजवीकडे नेता येत नाही, कारण कॅमेऱ्याला त्याची उजवी बाजू दिसते आणि त्या टोकाला डावी दिसायला हवी. म्हणून प्रत जवळच्या जागेतूनच घ्यावी. पुस्तकांच्या कप्प्यात तेच शीर्षक दोनदा वाचले जाते, तिथे प्रतीचा पुठ्ठ्याचा कणा कोरा करावा लागतो.

तपासताना फोटो 25 टक्क्यांवर लहान करून बघावा. जवळून न दिसणारी मांडणीची पुनरावृत्ती तेव्हा उठून दिसते. मग सगळ्या लेअरवर तात्पुरती तीव्र कर्व्ह घालावी, म्हणजे जुळत नसलेले ग्रेन आणि कडा उघडे पडतात. शेवटी पूर्ण फोटो आडवा पलटून पाहावा. सवयीची नजर मोडली की उरलेली जुळी फळे लगेच सापडतात.

मूळ फोटोत पूर्ण दिसणारी एक-दोनच फळे असतील तर हे तंत्र अपुरे आहे. त्याच उजेडात, त्याच जागेवरून तीच फळे फिरवून आणखी चार-पाच फोटो काढणे कमी कष्टाचे पडते. बातमीच्या छायाचित्रात तर अशी भर घालायला मुळीच जागा नाही, आणि विक्रीच्या फोटोत ग्राहकाला मिळणाऱ्या नगांपेक्षा जास्त नग दाखवणे म्हणजे त्याची फसवणूक.