न सांगता कळतं, तेच खरं प्रेम?

"खरं प्रेम असेल तर मनातलं सांगावं लागत नाही, आपोआप कळतं."

सिनेमात कळतं, कारण नायक-नायिका दोघांच्याही मनातलं एकाच लेखकाने लिहिलेलं असतं. शिवाय डोळ्यांचा क्लोजअप आणि पार्श्वसंगीत आपल्याला आधीच सगळं सांगून टाकतात. घरात ही सोय नाही.

संशोधकांनी हे तपासलंय. जोडप्याच्या गप्पा चित्रित करायच्या. नंतर ते पाहताना एकाने त्या क्षणी आपल्या मनात काय होतं ते लिहायचं, दुसऱ्याने ते ओळखायचं. वर्षानुवर्षं संसार केलेल्यांचेही निम्म्याहून जास्त अंदाज चुकतात. अनोळखी माणसापेक्षा बरे, इतकंच.

घरीही करून पाहता येतं. समजा, तो सातपूरहून सेकंड शिफ्ट संपवून पंचवटीत घरी येतो आणि ती गप्प आहे. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं. तो लिहितो, 'उशीर झाला म्हणून रागावलीय.' तिच्या कागदावर असतं, 'आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पैसे कुठून आणायचे?' प्रेम दोघांचंही आहे, माहिती मात्र एकीलाच आहे. अशा वेळी त्याने "काय झालं गं?" विचारणं म्हणजे प्रेम कमी असणं नव्हे. सांगूनही तो रोज कानाआड करत असेल, तर ती तक्रार वेगळी आणि खरी.