फ्रेंचमधले ‘खोटे मित्र’ आले कुठून?

कोल्हापुरातली एखादी विद्यार्थिनी फ्रान्समधल्या विद्यापीठाला पत्र लिहिते. तिला म्हणायचं असतं, “अ‍ॅक्च्युअली मी कोल्हापुरात एक कॉन्फरन्स अटेंड केली आणि इव्हेंच्युअली मला फ्रान्सला यायचंय.” प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या जागी त्याचा फ्रेंच जुळा बसवून ती वाक्य पूर्ण करते. पत्र उघडणाऱ्याला त्याचा अर्थ लागतो तो असा: “सध्या मी कोल्हापुरात एका व्याख्यानाची वाट पाहिली आणि जमलंच तर मला फ्रान्सला यायचंय.” स्पेलिंगची चूक नाही, व्याकरणही ठीक, पण चारही ओळखीच्या शब्दांनी दगा दिला.

अशा शब्दांना फ्रेंचमध्ये ‘फो-झामी’ म्हणजे खोटे मित्र म्हणतात. हे नाव रूढ झालं 1928 मध्ये माक्सिम केस्लेर आणि झ्युल दरोकिन्यी यांनी पॅरिसमध्ये काढलेल्या पुस्तकामुळे. त्यांचा वाचक होता इंग्रजी वाचणारा फ्रेंच माणूस. आपल्याकडचा प्रवास उलटा आहे. आपण फ्रेंच शिकतो ती इंग्रजीच्या पायरीवर उभं राहून, कारण पुस्तकातले अर्थ इंग्रजीत असतात आणि वर्गातलं स्पष्टीकरणही निम्मंशिम्मं इंग्रजीतच चालतं. त्यामुळे तिसऱ्या भाषेत चुका होतात त्या दुसऱ्या भाषेमुळे, आणि त्यात मराठीचा काहीच दोष नसतो.

या शब्दांचं मूळ 1066 मध्ये आहे. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंडचा राजा झाला आणि दरबार, कोर्टकचेरी, जमीनदारी यांची भाषा फ्रेंच झाली. सामान्य माणूस मात्र इंग्रजीच बोलत राहिला. 1362 मध्ये कोर्टातले वाद इंग्रजीत चालावेत असा कायदा करावा लागला. शब्दांची मोठी आयात झाली ती साधारण याच सुमारास, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकात, वरचा वर्ग फ्रेंच सोडून इंग्रजीकडे वळत असताना. येताना तो आपले शब्दही घेऊन आला. त्यानंतर एकच शब्द दोन देशांत वेगवेगळा वाढला. मराठी माणसाला हे नवीन नसावं. ‘शिक्षा’ आणि ‘संशोधन’ हे शब्द मराठीत आणि हिंदीत दोन्हीकडे संस्कृतातूनच आले, पण हिंदीत शिक्षा घ्यायला लोक शाळेत जातात आणि संशोधन होतं ते कायद्याचं.

म्हणून खोट्या मित्राला विचारायचा प्रश्न एकच: जागा सोडली कोणी, इंग्रजीने की फ्रेंचने?

अटेंडचंच बघू. लॅटिनमध्ये मूळ क्रियापद ‘एखाद्या दिशेला ताणणं’ अशा अर्थाचं. त्यातून ‘लक्ष लावणं’ हा अर्थ आला. जुन्या फ्रेंचमध्ये लक्ष लावून बसणं म्हणजे कोणाची तरी वाट पाहणं झालं, आणि आजही फ्रेंच ‘आताँद्र’ म्हणजे वाट पाहणं. इंग्रजीत हा शब्द गेला तेव्हा वाट पाहण्याचा अर्थही सोबत होता. पण तिकडे तो ‘सेवेला तत्पर राहणं’, ‘सोबत असणं’ असा सरकत सरकत ‘हजर राहणं’ इथे येऊन थांबला.

मग फ्रेंचमध्ये हजर राहण्याला काय म्हणतात? ‘आसिस्ते’. आणि इथे दुसरा सापळा लागतो, कारण इंग्रजीत असिस्ट म्हणजे मदत करणं. या लॅटिन शब्दाचा अर्थ होता ‘जवळ उभं राहणं’. जवळ उभा असलेला माणूस नुसता हजरही असू शकतो किंवा मदतीलाही आलेला असू शकतो. मराठीत ‘पाठीशी उभं राहणं’ म्हणजे मदतच की. इंग्रजीने मदतीचा अर्थ धरला, तर फ्रेंचमध्ये हजेरीचा जास्त रुजला. म्हणजे अशी साखळी तयार होते: इंग्रजी अटेंडसाठी फ्रेंच आसिस्ते, इंग्रजी असिस्टसाठी फ्रेंच ‘एदे’, आणि फ्रेंच आताँद्रसाठी इंग्रजी वेट. तिन्ही एका बैठकीत शिकले तरच डोक्यात राहतात. सुटे सुटे शिकले की हमखास गोंधळ होतो.

यात एक बारकावा आहे आणि पुस्तकं तो घाईत सोडून देतात. आसिस्तेचा हजेरीचा अर्थ लागतो तो पुढे ‘आ’ हे शब्दयोगी असेल तेव्हाच. ‘आसिस्ते आ’ आणि पुढे सभा, लग्न, तास: हजर राहणं. ‘आ’ नसेल आणि थेट माणूस आला, तर अर्थ मदत करणं असाच, इंग्रजीसारखा. मराठीचा इथे चांगला उपयोग होतो. सभेला, लग्नाला, तासाला हजर राहायचं, तो ‘ला’ म्हणजेच हा ‘आ’. उलट आताँद्रच्या पुढे असं काहीच लागत नाही. रंकाळ्यावर बसची वाट पाहायची असली तरी फ्रेंचमध्ये क्रियापदानंतर थेट बसच येते. इंग्रजीच्या सवयीने मध्ये ‘फॉर’चं भाषांतर घातलं की वाक्य बिघडलं.

आता द्राक्षं. सांगली-तासगावचा बेदाणा माहीत असलेल्यांना ही जोडी पटकन कळते. फ्रेंच ‘रेझाँ’ म्हणजे द्राक्ष, इंग्रजी रेझिन म्हणजे बेदाणा. बेदाण्याला फ्रेंचमध्ये ‘रेझाँ सेक’, सरळ सुकं द्राक्ष. मग इंग्रजीतला ग्रेप कुठून आला? तोही फ्रेंचच, पण फ्रेंचमध्ये ‘ग्राप’ म्हणजे घड! इंग्रजांनी घडाचं नाव एका मण्याला दिलं आणि मण्याचं नाव सुकलेल्या मण्याला. फ्रेंचही धुतल्या तांदळासारखे नाहीत, कारण रेझाँचं लॅटिन मूळ पाहिलं तर तिथेही अर्थ घडच निघतो. आलुबुखारच्या बाबतीत असाच घोळ आहे. फ्रेंच ‘प्र्युन’ म्हणजे ताजं फळ, आणि इंग्रजीत ज्याला प्रून म्हणतात त्या सुक्या फळाला फ्रेंचमध्ये ‘प्र्युनो’. द्राक्षं किंवा बेदाणा निर्यात करणाऱ्याने कागदपत्रात हे दोन शब्द उलटे घातले, तर माल ताजा की सुका इथपासूनच वाद सुरू होईल.

पण धंद्यात जास्त महाग पडू शकतो तो ‘एव्हाँत्युएलमाँ’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ घटना, निष्पत्ती. फ्रेंचने त्यातून ‘घडलंच तर’ असा अर्थ काढला. इंग्रजीत हा अर्थ एके काळी होता, पण पुढे तो ‘शेवटी होणारच’ असा पक्का झाला. समजा चप्पल-व्यापाऱ्याला फ्रान्समधून मेल आला की आम्ही एव्हाँत्युएलमाँ दोनशे जोड मागवू. इंग्रजी कानाला वाटतं, ऑर्डर येणार, फक्त थोडा वेळ लागेल. पण लिहिणाऱ्याने म्हटलंय ते इतकंच की कदाचित मागवू. याच्या भरवशावर चामडं कापायला घेऊ नये. ‘आक्त्युएलमाँ’चंही तसंच. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ सध्या, आणि आपण दर वाक्याला लावतो त्या अ‍ॅक्च्युअलीसाठी फ्रेंचमध्ये ‘आँ फेत’ आहे. ओळखायची खूण सोपी: आक्त्युएलमाँ आलं आणि पुढे भूतकाळातली, संपलेली गोष्ट आली, तर काहीतरी चुकलंय.

गुळाच्या किंवा चटणीच्या लेबलावर ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असं फ्रेंचमध्ये लिहिताना ‘प्रेझेर्वातीफ’ वापरू नये. त्याचा अर्थ निरोध. लेबलावर हवा तो शब्द ‘काँसेर्व्हातर’, आणि त्याच्या आधी ‘साँ’ म्हणजे विना.

काही जोड्यांमागे मात्र कसलाच इतिहास नसतो, नुसता योगायोग असतो. फ्रेंच ‘पाँ’ म्हणजे पाव. त्याचं स्पेलिंग हुबेहूब इंग्रजी पेनसारखं, म्हणजे दुखण्यासारखं, पण दोघांची लॅटिन मुळं निराळी. खरा नातेवाईक आपला पावच, तो पोर्तुगीजांमार्फत त्याच लॅटिन शब्दातून आला. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड देतात, पण त्याने नात्याला बाधा येत नाही. फ्रेंच ‘ब्लेसे’ म्हणजे जखमी करणं. इंग्रजी ब्लेसशी त्याचा संबंध नाही.

यावर उपाय वहीतच करावा लागतो. तीन रकाने पुरेत. पहिल्यात शब्द देवनागरीत, उच्चाराप्रमाणे. कारण खोटे मित्र फसवतात ते बहुतेक डोळ्याला, कानाला नाही. कागदावर सारख्या दिसणाऱ्या जोड्या देवनागरीत आताँद्र आणि अटेंड अशा वेगळ्या होतात. देवनागरीत फ्रेंचचे काही स्वर अंदाजानेच बसतात हे खरं, पण इथे काम फरक दिसण्याचं आहे. दुसऱ्या रकान्यात अर्थ थेट मराठीत, इंग्रजी अजिबात न लिहिता. तिसऱ्यात त्या शब्दासोबत येणारं शब्दयोगी आणि एक नाम, म्हणजे ‘आसिस्ते आ’ आणि पुढे लग्न. शब्द एकटा लिहून ठेवला तर ऐनवेळी त्याच्या पुढे इंग्रजीच येऊन बसते.

या हिशेबाने सुरुवातीचं पत्र असं सुधारतं: आक्त्युएलमाँच्या जागी ‘आँ फेत’, आताँद्रच्या जागी ‘आसिस्ते आ’, काँफेराँसच्या जागी ‘कोलोक’, कारण काँफेराँस म्हणजे बहुतेक वेळा एका वक्त्याचं व्याख्यान, आणि एव्हाँत्युएलमाँच्या जागी ‘अँ झूर’, म्हणजे एक ना एक दिवस. इव्हेंच्युअलीला फ्रेंचमध्ये एकच ठरलेला शब्द नाही. गोष्ट शेवटी झालीच असं सांगायचं असेल तर ‘फिनीर पार’ आणि पुढे क्रियापद अशी रचना लागते.

एका जोडीत मात्र मराठी अर्थ लिहूनही भागत नाही, मजकूर कोणत्या साली लिहिला तेही बघावं लागतं. ती म्हणजे बिलियन. आजच्या फ्रेंचमध्ये ‘मिलियार’ म्हणजे शंभर कोटी, आणि ‘बिलियाँ’ म्हणजे एक लाख कोटी, इंग्रजी बिलियनच्या हजारपट. गंमत अशी की शंभर कोटींना बिलियन म्हणण्याची चाल अमेरिकेने फ्रेंचांकडूनच उचलली. पुढे फ्रान्सने 1961 मध्ये मोठ्या मोजणीचा, म्हणजे बिलियाँ लाख कोटींचा धरण्याचा, अधिकृत स्वीकार केला, आणि तोवर मोठी मोजणी वापरणाऱ्या ब्रिटनने 1974 मध्ये अमेरिकेची छोटी मोजणी घेतली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच ग्रंथातला बिलियाँ शंभर कोटींचा असू शकतो, आणि 1974 च्या आधीच्या ब्रिटिश पुस्तकातला बिलियन लाख कोटींचा.