थायरॉइडची गोळी आणि सहा आठवड्यांचं गणित

थायरॉइडची गोळी सुरू झाली की पंधरा दिवसांतच टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक, तपासून बघायचा मोह अनेकांना होतो. पुण्यात घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅब भरपूर आहेत, त्यामुळे एक फोन केला की काम होतं. डॉक्टरांनी मात्र सहा ते आठ आठवडे थांबायला सांगितलेलं असतं. का, ते कागद-पेन्सिल घेऊन पाहू.

या गोळीतल्या थायरॉक्सिनचा अर्धायुकाल साधारण ७ दिवस आहे. म्हणजे आज शरीरात जेवढं थायरॉक्सिन आहे, त्यातलं निम्मं आठवड्याभरात संपतं. दिवसाचा हिशेब केला तर रोज साठ्यातलं सुमारे ९.४ टक्के जातं.

समजा, शस्त्रक्रियेत ग्रंथी पूर्ण काढली आहे, रोज १०० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे आणि त्यातलं ७५ रक्तात पोचतं. सोयीसाठी सुरुवातीचा साठा शून्य धरू. सुरुवातीला साठा लहान, म्हणून घटही लहान. त्यामुळे साठा वाढत जातो. पण तो वाढतो तशी रोजची घटही वाढते. घट ७५ झाली की वाढ थांबते. कुठल्या साठ्याचे ९.४ टक्के म्हणजे ७५? सुमारे ८००. हीच स्थिर पातळी.

तिथे पोचायला किती दिवस? उरलेलं अंतर दर आठवड्याला निम्मं होतं. पहिल्या आठवड्याअखेर ४००, मग ६००, ७००, ७५० आणि पाचव्या आठवड्याअखेर ७७५. म्हणूनच चार ते पाच अर्धायुकाल गेले की पातळी स्थिर झाली असं मानतात. डोस दुप्पट केला तरी हा वेळ कमी होत नाही. फक्त ८००ऐवजी १६००कडे वाटचाल सुरू होते. शिवाय टीएसएच बनवणारी पिट्यूटरी ग्रंथी या बदलाला सावकाश प्रतिसाद देते, आणि थायरॉइड मंद असताना अर्धायुकालच ९-१० दिवसांपर्यंत लांबतो. पाचाचे सहा ते आठ आठवडे होतात ते यामुळे.

आता दुसऱ्याच आठवड्यात तपासणी केली तर? साठा ८००पैकी ६००, टीएसएच अजून वाढलेलं. ते पाहून गोळी १२५ची केली, तर साठा अखेर १०००वर जाऊन थांबेल. धडधड, हातांना कंप, झोप न लागणं ही लक्षणं पुढे काही आठवड्यांनी दिसतील आणि तोवर त्या घाईच्या तपासणीशी त्यांचा संबंध कुणी जोडणार नाही. माझ्या मते डोस चुकण्याचं हे सगळ्यात टाळता येण्यासारखं कारण आहे.

एक उदाहरण स्वतः सोडवून पाहा. दिवाळीत दापोलीला गेलात आणि गोळ्यांची बाटली घरीच राहिली. सात दिवस खंड पडला, तर ८००चे किती उरले? ४००. परतल्यावर नेहमीचाच डोस सुरू केला, तर तीन आठवड्यांनी किती? तूट ४००वरून २००, १००, ५० होत जाते, म्हणजे साठा ७५०. तेव्हा परतल्यावर लगेच केलेला टीएसएच डोसबद्दल काही सांगत नाही. लॅबमध्ये जाण्याआधी हा खंड डॉक्टरांना जरूर सांगा. एकच दिवस चुकला तर मात्र ८००चे सुमारे ७२५ राहतात, इतकंच.

दुसरं उदाहरण कॅल्शियमच्या गोळीचं. ती थायरॉक्सिनसोबतच घेतली तर शोषण घटतं. समजा, ७५ऐवजी ५०च पोचले. नवी स्थिर पातळी? ५० भागिले ०.०९४, म्हणजे सुमारे ५३०. वेळ तेवढाच, पातळी मात्र खाली. म्हणून थायरॉक्सिन आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात.

आता याच्या अगदी उलट औषध घेऊ. पॅरासिटामॉलचा अर्धायुकाल २ तास धरा आणि ५०० मिलिग्रॅम दर सहा तासांनी घ्या. सहा तासांत तीन वेळा निम्मं: २५०, १२५, ६२.५. पुढच्या गोळीनंतर साठा ५६२.५, त्यानंतरच्या गोळीला सुमारे ५७०, आणि तो तिथेच थांबतो. साठवण जवळजवळ नाहीच. अर्धायुकालाच्या मानाने दोन डोसमधलं अंतर किती, त्यावर साठवण ठरते.

हे सगळं गणित एका अटीवर चालतं: ठरावीक वेळात साठ्याचा ठरावीक हिस्साच बाहेर पडला पाहिजे. फिटांवरच्या फेनिटॉइनमध्ये ही अट मोडते. नेहमीच्या डोसलाच यकृतातली विकरं जवळपास पूर्ण कामाला लागलेली असतात, त्यामुळे डोस थोडासा वाढवला तरी रक्तातली पातळी एकदम उसळू शकते आणि तोल जाणं, डोळे थरथरणं सुरू होतं. तिथे डोस अगदी लहान टप्प्यांनी वाढवतात आणि रक्तातली पातळी प्रत्यक्ष मोजतात.