आजारपणामुळे लायसन्सची टेस्ट चुकली? नवी तारीख मागण्याआधी लर्निंगची मुदत पाहा

तापाने फणफणलेला माणूस टेस्टला गेला नाही, तर परिवहन कार्यालय त्याला नापास करत नाही. तो फक्त गैरहजर असतो. हा फरक पक्का लक्षात ठेवा, कारण नापास झालेल्याला पुन्हा टेस्टसाठी 7 दिवस थांबावं लागतं आणि तीनदा नापास झालं की 60 दिवस. म्हणून सारथी पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्थिती एकदा बघून घ्या. चुकून ‘नापास’ दिसत असेल, तर दुरुस्ती कार्यालयातच करून घ्यावी लागेल.

खरी अडचण असते ती लर्निंग लायसन्सची. ते 6 महिनेच चालतं, आणि डॉक्टरांच्या सर्टिफिकेटने त्यात एक दिवसही वाढत नाही. नागपूरच्या प्रतापनगरातल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. लर्निंग 10 फेब्रुवारीला मिळालं, म्हणजे ते 9 ऑगस्टपर्यंत. टेस्ट होती 22 जुलैला, पण डेंग्यूने दवाखान्यात भरती, सुटी 27 जुलैला. घरी आल्याबरोबर तिने 6 ऑगस्टची तारीख घेतली, तर काम होतं. पण त्या दिवशी नापास झाली, तर पुढची संधी 13 ऑगस्टनंतर, म्हणजे मुदतीबाहेर. मग लर्निंग नव्याने काढा, त्यावर पुन्हा किमान 30 दिवस थांबा. त्यामुळे अशक्तपणा असताना घाईने टेस्ट देण्यापेक्षा आपल्याकडे किती दिवस उरलेत ते आधी मोजा.

तारीख घ्यायची sarathi.parivahan.gov.in वर. महाराष्ट्र निवडा, अपॉइंटमेंट विभागात जा, जुनाच अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख द्या. नवा अर्ज भरायचा नाही. पुन्हा टेस्टची फी मागितली, तर प्रत्येक वाहनप्रकाराला 300 रुपये. दुचाकी आणि कार दोन्ही असतील तर 600.

पोर्टल स्लॉट देतच नसेल, तर जिथे अर्ज केला त्याच कार्यालयात जा. नागपूर शहर म्हणजे MH-31, नागपूर ग्रामीण MH-40, पूर्व नागपूर MH-49. एकाचं काम दुसऱ्याकडे होत नाही. साध्या कागदावर प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांच्या नावे (पूर्व नागपूरला उपप्रादेशिक) चार ओळी पुरतात: अर्ज क्रमांक, चुकलेली तारीख, कारण, लर्निंग कधी संपतं. सोबत लर्निंगची आणि जुन्या स्लॉटची प्रत, डिस्चार्ज कार्ड किंवा तारीख असलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र. पोच घेतल्याशिवाय परतू नका.

एक नाजूक गोष्ट. आजार फिटचा किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा असेल, तर फॉर्म 1 मधल्या स्वयंघोषणेत तोच प्रश्न विचारलेला असतो. तिथे खरं लिहा आणि तारीख मागण्याआधी डॉक्टरांना विचारा.

नव्या दिवशी लर्निंगची मूळ प्रत लागेल. गाडी आपलीच न्यायची असते: आरसी, विमा, पीयूसी चालू असलेली आणि पुढेमागे लाल ‘एल’ लावलेली.