हबलचा आलेख: ठिपके खरोखर काय सांगतात

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील कनिष्ठ महाविद्यालयांच्या वर्गांत खगोलशास्त्राच्या स्लाइड दाखवल्या जातात, तेव्हा एक आलेख हमखास पडद्यावर येतो. त्यात आडव्या अक्षावर दीर्घिकांचे अंतर आणि उभ्या अक्षावर त्यांचा आपल्यापासून दूर जाण्याचा वेग असतो, आणि विखुरलेल्या ठिपक्यांतून एक रेषा वर चढत गेलेली दिसते. एडविन हबल यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेला हा आलेख आहे. त्याखाली बहुधा ‘विश्व प्रसरण पावत आहे’ एवढेच लिहिलेले असते आणि विद्यार्थीही वहीत तेच उतरवतात. हे विधान चुकीचे नाही. मात्र ते या आलेखावरून वाचलेले नाही. प्रसरण ही राशी त्याच्या कोणत्याही अक्षावर नाही. प्रसरण हा ठिपक्यांचा लावलेला अर्थ आहे, आणि ठिपके नेमके काय सांगतात हे त्याआधी वेगळे मांडावे लागते.

मोजलेल्या राशी अक्षांवर मांडण्याची रीत हबल यांच्या काळी फार जुनी नव्हती. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आकडे काळाच्या अक्षावर रेषांनी दाखवले, पण ती व्यापाराची गोष्ट होती. विज्ञानाच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण जॉन हर्शेल यांचे आहे. जोडताऱ्यांची निरीक्षणे त्यांनी १८३३ च्या सुमारास आलेखावर मांडली आणि विखुरलेल्या बिंदूंमधून नजरेच्या अंदाजाने एक सलग वक्र काढला. प्रत्येक मोजमापात चूक असते, म्हणून रेषा प्रत्येक बिंदूतून जाण्याची गरज नाही आणि एकेका बिंदूपेक्षा सर्वांचा मिळून दिसणारा कल अधिक विश्वसनीय असतो, हा विचार त्या कृतीमागे होता. हबल यांची रेषा याच परंपरेतली आहे.

आता प्रत्यक्ष आलेखाकडे वळू. आडव्या अक्षावर शून्य, दहा लक्ष पार्सेक आणि वीस लक्ष पार्सेक अशा खुणा आहेत. एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे, त्यामुळे संपूर्ण अक्ष साधारण पासष्ट लक्ष प्रकाशवर्षांपर्यंतच पोहोचतो. आजच्या मानाने हा अगदी शेजारचा भाग आहे, आणि ‘विश्व’ हा शब्द वापरण्यापूर्वी ही मर्यादा वाचकाच्या लक्षात यायला हवी. उभ्या अक्षावर शून्य, पाचशे आणि हजार असे आकडे आहेत आणि त्यांच्यापुढे एकक म्हणून केवळ ‘किलोमीटर’ छापलेले आहे. ‘प्रति सेकंद’ हा भाग मूळ आकृतीतच राहून गेला. लेखाच्या मजकुरात आणि कोष्टकात वेगाचे एकक स्पष्ट असल्यामुळे तेव्हाच्या वाचकांची अडचण झाली नसावी. स्लाइडवर मात्र आकृती एकटीच येते, आणि मग दोन्ही अक्षांवर अंतरच मोजले आहे असा समज होऊ शकतो. अक्षावरील शीर्षक आणि एकक एकमेकांशी जुळतात का, हे पाहण्याची सवय अशा ठिकाणी उपयोगी पडते, कारण वेग हे शीर्षक आणि किलोमीटर हे एकक असेल, तर दोहोंपैकी एक अपुरे आहे.

उभ्या अक्षावरील शून्य आकृतीच्या अगदी तळाशी नाही, हेही चटकन नजरेतून सुटते. काही ठिपके शून्याच्या खाली आहेत. देवयानी दीर्घिकेचा वेग हबल यांच्या कोष्टकात उणे २२० किमी प्रति सेकंद आहे, म्हणजे ती आपल्याकडे येत आहे. त्यामुळे ‘प्रत्येक दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहे’ हे वाक्य याच आलेखाने खोटे ठरते. शेजारच्या दीर्घिकांवर परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाचा परिणाम मोठा असतो आणि अंतराबरोबर वाढणारा वेग तिथे अजून लहान असतो. कल दिसतो तो अंतर वाढल्यावर.

तो कल किती नेटका आहे, हे उजव्या टोकाला कळते. वीस लक्ष पार्सेकवर रेषा सुमारे १००० किमी प्रति सेकंदाला पोहोचते. पण त्याच अंतरावर मांडलेल्या कन्या समूहातील दीर्घिकांचे वेग ५०० पासून १०९० पर्यंत पसरलेले आहेत. सर्वांसाठी एकच अंतर धरलेले असल्यामुळे ते ठिपके एकाखाली एक उभे दिसतात. ‘वीस लक्ष पार्सेकवरील दीर्घिकेचा वेग १००० असतो’ असे म्हटले तर ते सरासरीविषयी बरोबर आणि एकेका दीर्घिकेविषयी चूक ठरते. म्हणून वाक्यात ‘सरासरीने’ हा शब्द लागतो, आणि माझ्या मते या आलेखाच्या निष्कर्षातला तो सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे.

वर्गात होणारी आणखी एक गफलत मात्र चांगल्या शिकवणीतूनच येते. आपल्याकडे नववीत अंतर-काळ आलेख शिकवला जातो: काळ आडव्या अक्षावर, अंतर उभ्या अक्षावर आणि रेषेचा चढ म्हणजे चाल. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलचा असा आलेख विद्यार्थी सहज काढतात, आणि त्या सवयीने हबलची रेषाही एखाद्या प्रवासासारखी वाचतात. एक दीर्घिका डावीकडून निघाली आणि जसजशी लांब गेली तसतशी वेगवान होत गेली, असे उत्तर येते. वास्तविक इथला प्रत्येक ठिपका वेगळ्या दीर्घिकेचा आहे. हा एकाच वस्तूचा इतिहास नसून अनेक वस्तूंची तुलना आहे, आणि काळ तर कोणत्याच अक्षावर नाही. रेषेचा चढही चाल दाखवत नाही. उभ्या अक्षाचे एकक आडव्या अक्षाच्या एककाने भागले की ‘किमी प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक’ मिळते, म्हणजे अंतर एक मेगापार्सेकने, अर्थात दहा लक्ष पार्सेकने, वाढल्यास वेग सरासरीने किती वाढतो ते कळते. हबल यांच्या आकृतीत हे मूल्य सुमारे ५०० आहे.

या ५०० चे पुढे जे झाले त्यामुळे हा आलेख अधिक शिकवण्याजोगा झाला. किलोमीटर आणि मेगापार्सेक ही दोन्ही अंतराचीच एकके असल्याने ती एकमेकांत काटता येतात आणि या राशीचा व्यस्त काढला की काळ मिळतो. ५०० साठी तो जवळपास दोन अब्ज वर्षे येतो. प्रसरणाचा वेग सदैव तेवढाच होता असे मानले, तर विश्वाचे वय त्याच्या आसपास निघते. पुढे १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४.५५ अब्ज वर्षे ठरवले, पण खडकांची किरणोत्सारी वये त्याआधीच दोन अब्जांच्या पुढे जाऊ लागली होती. पृथ्वी विश्वापेक्षा वयस्कर असू शकत नाही, त्यामुळे चूक कुठेतरी अक्षावर असणार हे उघड होते.

उभ्या अक्षावर ती नव्हती. वेग ताम्रसृतीवरून, म्हणजे वर्णरेषा तांबड्या टोकाकडे किती सरकल्या त्यावरून मोजले होते. त्यांतील बरेचसे मोजमाप व्हेस्टो स्लायफर यांनी आधीच केलेले होते आणि ते चांगले टिकले. अडचण आडव्या अक्षाची होती, कारण दीर्घिकेचे अंतर थेट मोजता येत नाही. ते दुसऱ्या एका आलेखावरून आले होते. हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये लहान मॅगेलन मेघातील २५ चलताऱ्यांसाठी तेजाच्या चढउताराचा आवर्तकाल आणि तेजस्वितेची प्रत यांचा संबंध मांडला होता. त्यांचे आवर्तकाल सव्वा दिवसापासून १२७ दिवसांपर्यंत पसरलेले होते. आवर्तकाल दिवसांत मांडला तेव्हा बिंदू वक्रावर आले आणि त्याचा लॉगरिदम मांडला तेव्हा ते सरळ रेषेजवळ आले. आवर्तकाल मोजला की ताऱ्याचे खरे तेज कळते, आणि दिसणाऱ्या तेजाशी त्याची तुलना केली की अंतर मिळते. मात्र त्या सरळ रेषेची खरी उंची ठरवण्यासाठी जवळच्या अशा ताऱ्यांची अंतरे माहीत असावी लागतात, आणि ती उंचीच चुकलेली होती.

वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले की असे चलतारे दोन प्रकारचे असतात आणि अंतरे मोजताना त्यांची सरमिसळ झाली आहे. त्या दुरुस्तीने दीर्घिकांची अंतरे जवळपास दुप्पट झाली आणि चढ निम्म्यावर आला. पुढे १९५८ मध्ये ॲलन सँडेज यांनी निदर्शनास आणले की दूरच्या दीर्घिकांची अंतरे काढताना हबल यांनी ज्यांना त्यांतील सर्वांत तेजस्वी तारे मानले, त्यांतील काही हायड्रोजनचे प्रकाशमान ढग होते. त्यांनी काढलेले चढाचे मूल्य सुमारे ७५ होते. देवयानीच्या बाबतीत हा फरक सहज दिसतो. हबल यांच्या कोष्टकात ती सुमारे नऊ लक्ष प्रकाशवर्षांवर होती, आज ती सुमारे पंचवीस लक्ष प्रकाशवर्षांवर मानली जाते.

म्हणजे आडव्या अक्षावरील आकडे कित्येक पटींनी बदलले, तरी रेषा सरळच राहिली. सर्व अंतरे एकाच पटीने ताणली, तर ठिपके उजवीकडे सरकतात, चढ कमी होतो आणि वेग अंतराच्या प्रमाणात असण्याचा संबंध मात्र तसाच राहतो. त्यामुळे १९२९ च्या स्लाइडखाली लिहायचे वाक्य असे करता येते: ‘सुमारे वीस लक्ष पार्सेकपर्यंत, तेव्हाच्या मोजमापांनुसार, दीर्घिका जितकी दूर तितका तिचा दूर जाण्याचा वेग सरासरीने प्रमाणात अधिक आढळतो.’ त्यात ५०० हा आकडा घालायचा असल्यास ‘तेव्हाच्या अंतरांवरून’ ही अट त्याच्या शेजारीच असावी, कारण प्रमाणाचा संबंध ठिपक्यांच्या आकृतीतून आला आहे आणि आकडा अंतरमोजणीच्या पट्टीतून.

हीच स्लाइडमाला पुढे सरकून १९९८ च्या सुपरनोव्हांच्या आलेखावर येते तेव्हा जपून वाचावे लागते, कारण तिथे अक्षांची अदलाबदल झालेली असते. ताम्रसृती आडव्या अक्षावर, बहुधा लॉगरिदमी प्रमाणात असते आणि अंतराशी जोडलेली तेजस्वितेची प्रत उभ्या अक्षावर. प्रतीचा आकडा वाढला की तेज कमी होते, म्हणून त्या आलेखात वर जाणे म्हणजे अधिक अंधुक आणि अधिक दूर असणे. दूरचे सुपरनोव्हा प्रसरण मंदावत असल्यास अपेक्षित असलेल्या रेषेच्या किंचित वर दिसले, यावरून प्रसरण वेग घेत असल्याचा निष्कर्ष निघाला. हबल यांच्या अक्षांवर तेच बिंदू मांडले, तर ते रेषेच्या खाली पडतील, कारण ठरावीक वेगाला त्यांचे अंतर अपेक्षेपेक्षा जास्त आहे. ‘बिंदू वर वळले म्हणजे वेग वाढला’ असे नुसत्या आकारावरून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर योगायोगाने बरोबर येते आणि शिक्षकाला ती चूक दिसतही नाही. ती ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे अक्ष उलटे करून तोच आलेख पुन्हा वाचायला देणे.