अनंताच्या फांदीवरचं 'बी'

लातूरला आमच्या शेजारच्या काकूंच्या गच्चीवर कुंडीत अनंत आहे. गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी एक फांदी माझ्यापुढे धरली. "हे बघ, फांदीलाच बी धरलंय. आणि पानं काळी पडलीत, म्हणून दुकानातून बुरशीचं औषध आणून दोनदा मारलं. काही फरक नाही."

फांदीवर तपकिरी, गुळगुळीत, चकाकणारे फुगवटे होते, मसुराच्या अर्ध्या दाण्याएवढे. मी एकाच्या कडेला नख घातलं तर तो अख्खा निघून आला. खाली साल हिरवीगार, कुठे जखम नाही. झाडाच्या सालीचाच उंचवटा असता तर तो असा सुटला नसता, साल फाटली असती. फुगवटा उलटा करून पांढऱ्या कागदावर झटकला, तेव्हा फिकट गुलाबी पूड सांडली. भिंगाखाली त्या पुडीचा कण न् कण म्हणजे एकेक अंडं होतं.

ही खवले कीड. अनंत, पेरू, क्रोटन, नेचे यांच्यावर येणारी अर्धगोल जात. फुगवटा म्हणजे मादीचं शरीरच. एकदा जागा धरली की ती सालीत सोंड खुपसून रस पीत राहते आणि मोठी झाली की जवळजवळ हलतच नाही. या जातीत नर क्वचितच दिसतो, मादी नराशिवायच शेकडो अंडी पोटाखाली घालते. मग ती मरते, पण वाळलेली पाठ घुमटासारखी अंड्यांवर तशीच राहते.

पानं काळी पडण्याचं मूळही तिच्यातच आहे. झाडाच्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनांसाठी लागणारी द्रव्यं अगदी थोडी असतात. ती पुरेशी मिळावीत म्हणून किडीला खूप रस प्यावा लागतो आणि उरलेली साखर ती चिकट थेंबांनी बाहेर टाकते. ते थेंब खालच्या पानांवर पडतात आणि त्यांवर काळी बुरशी वाढते. मोसंबीवाले हिलाच कोळशी म्हणतात. ती पानात शिरत नाही, ओल्या फडक्याने पुसली जाते. काकूंनी बुरशी मारली तरी वरून साखर गळतच होती. त्या साखरेसाठी मुंग्या येतात आणि किडीला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. फांदीवर मुंग्यांची रांग दिसली, तर ती जिथे थांबते तिथे बघावं.

अंड्यातून निघालेलं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. त्याला पाय असतात, अंगावर जाड कवच नसतं आणि ते कोवळ्या शेंड्याकडे रांगत जातं. फवारा लागू पडतो तो याच काही दिवसांत. घुमटावर मारलेलं औषध ओघळून जातं, खालच्या अंड्यांना शिवतही नाही.

म्हणून आम्ही आधी जुना दातघासायचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून फांद्या घासल्या. उचलले तेवढे फुगवटे कागदावर गोळा करून जाळले. मग एका डहाळीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप गुंडाळली. चार दिवसांनी तिच्यावर पिवळसर ठिपके दिसले. पिल्लं निघाली होती. त्याच संध्याकाळी एक लिटर पाण्यात 5 मिली कडुलिंबाचं तेल आणि तेल पाण्यात मिसळावं म्हणून थोडा पातळ साबण घालून फवारलं, पानांच्या खालूनसुद्धा. हे तेल किडीची श्वासाची छिद्रं बुजवतं, त्यामुळे जिथे लागेल तिथेच काम करतं.

इथे आमची एक चूक झाली. पहिल्या वेळी बोअरचं पाणी घेतलं. आपल्याकडचं हे जड पाणी साबणाला फेस धरू देत नाही. साबणाची साय झाली, तेल वर तरंगलं आणि पंपाची तोटी तुंबली. दुसऱ्यांदा प्यायच्या जारचं पाणी घेतलं तेव्हा ते दुधासारखं मिसळलं. एप्रिलच्या उन्हात तेल लागलेली पानं करपतात, म्हणून फवारणी सूर्य मावळल्यावरच केली, आणि तीही आदल्या दिवशी दोन-चार पानांवर मारून पाहिल्यानंतर. कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवली, भिंतीपासून लांब, म्हणजे मुंग्यांची वाट बंद.

अंडी एकदम फुटत नाहीत, म्हणून दर आठ दिवसांनी असं चारदा फवारलं. शेवटी टेप कोरी राहिली, नव्या पानांवर चिकटपणा नव्हता. तरी उरलेले तपकिरी घुमट फांदीवर होतेच आणि काकू पुन्हा पंप भरायला निघाल्या. मी त्यांना दहा फुगवटे नखाने दाबायला सांगितलं. जिवंत कीड दाबली की ओली होऊन फुटते. दहाही कोरडे निघाले, भुगा झाले. त्यांतल्या दोन फुगवट्यांच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक होतं. किडीच्या अंगात वाढलेली बारीक गांधीलमाशी तिथून बाहेर पडली होती. पंप पुन्हा खोलीत गेला.