पत्रकावर 23, भिंतीवर 25: शिबिरातल्या आकड्यांची पार्श्वभूमी

गोव्यातल्या वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात आरोग्य शिबिर असलं की वजनकाट्यामागे बहुधा एक रंगीत तक्ता लावलेला असतो. त्यात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, 24.9 पर्यंत असला तर हिरवा पट्टा. हातात मिळालेल्या पत्रकावर मात्र 23 पासूनच ‘वजन जास्त’ असं छापलेलं. मग रांगेतलाच कोणीतरी विचारतो, यातलं खरं कुठलं? दोन्ही छापील चुका नाहीत. हे दोन आकडे वेगवेगळ्या माणसांची मापं घेऊन ठरले आहेत.

वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, हे गणित बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी 1830च्या दशकात मांडलं. ते खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. त्यांना ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधायचं होतं. लठ्ठपणाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी उंचीप्रमाणे ‘योग्य’ वजनाचे तक्ते काढले, तेही स्वतःच्या विमाधारकांवरून. 1972मध्ये अमेरिकेतले संशोधक अन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सुमारे 7,400 पुरुषांची मापं तपासली आणि केटलेंचं जुनं गणित ‘बॉडी मास इंडेक्स’ या नावाने पुन्हा चलनात आणलं. त्या अभ्यासात बाई एकही नव्हती. 25 आणि 30 या जागतिक रेषा नंतर, 1990च्या दशकात पक्क्या झाल्या. त्यांना आधार होता तो मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या माहितीचा.

आपल्याकडे या रेषा का चालत नाहीत, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका फोटोत दाखवलं. 2004मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या फोटोत ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, आणि आपल्या अंगात तेवढ्याच वजनाला स्नायू कमी, चरबी जास्त. तीही पोटात साठणारी. त्यामुळे मधुमेह आणि हृदयविकार कमी बीएमआयलाच गाठतात. 2009मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकमताने रेषा खाली आणल्या: 23 पासून वजन जास्त, 25 पासून लठ्ठपणा. कंबरेची मर्यादा पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80.

कंबर म्हणजे पँटचा नंबर नव्हे, हे मात्र पत्रकात ठळक छापायला हवं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरायची, श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचायचा. पोट आत ओढलं की दोन-तीन सेंटिमीटर सहज चोरता येतात, आणि टेप दिसली की बहुतेकांचं पोट आपोआप आत जातं.

एक उदाहरण घेऊ. पॅकिंग विभागातला एक गडी, उंची 168 सेंटिमीटर, वजन 68 किलो. 1.68 चा वर्ग 2.82, 68 भागिले 2.82 म्हणजे 24.1. भिंतीवरच्या तक्त्यात तो हिरव्या पट्ट्यात बसतो. पँट चौतीसची, पण ती पोटाखाली बांधलेली. टेप लावली तर कंबर 96. पत्रकाप्रमाणे त्याचं वजन जास्त, आणि कंबर मर्यादेच्या सहा सेंटिमीटर वर. “चवथीच्या नेवऱ्या भोवल्या” म्हणून तो हसेल, पण सहा सेंटिमीटर आठवड्याभरात येत नाहीत. साखर तपासायला पाठवायचं ते अशालाच, आणि नेमका तोच तक्ता पाहून समाधानाने घरी जातो.

त्याचा रक्तदाब पहिल्यांदा 148/92 आला. इथेही जुना इतिहास आडवा येतो. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची रीत इटलीच्या रिवा-रोची यांनी 1896मध्ये आणली. त्यांचा पट्टा अरुंद होता आणि आकडा खरा असेल त्याहून जास्त दाखवायचा. फॉन रेकलिंगहाउझेन यांनी 1901मध्ये हा दोष दाखवून पट्टा रुंद केला. खालचा आकडा स्टेथोस्कोपने ऐकून ठरवायची पद्धत कोरोत्कोव्ह यांची, 1905ची. शिबिरात मात्र जाड दंडाला लहान पट्टा गुंडाळून तीच जुनी चूक अजून होते. या गड्याचा दंड 36 सेंटिमीटरचा, शिवाय तो जिना चढून आलेला. पाच मिनिटं पाठ टेकवून बसवलं, हात छातीच्या पातळीला टेबलावर ठेवला, मोठा पट्टा बांधला, तेव्हा 136/86 आला. भारतात सध्या निदानाची रेषा साधारण 140/90 धरतात. अमेरिकेने 2017मध्ये ती 130/80 वर आणली. म्हणजे तो आपल्या रेषेच्या आत, पण फार आत नाही. त्याच्या कार्डावर दुसरा आकडा लिहायचा, वापरलेल्या पट्ट्याचा आकार शेजारी नोंदवायचा आणि पुन्हा मोजायला बोलवायचं.